मदत हवी आहे: ईमेल बदल रद्द करण्याच्या लिंकविषयी

माझ्या बहिणीच्या इन्स्टाग्राम खात्याचा ईमेल आणि पासवर्ड काल रात्री कोणीतरी बदलला असून, त्याची सूचना security@mail.instagram.com या पत्त्यावरून तिच्या जुन्या ईमेलवर आली आहे व तीत बदल रद्द करण्याची लिंक आहे. पाठवणाऱ्याचे नाव बनावट असू शकते, म्हणून लिंक दाबून धरून ती instagram.com चीच असल्याची खात्री केली. चोर मेलमध्येही शिरला असल्यास सगळेच व्यर्थ, त्यामुळे आधी मेलचा पासवर्ड बदलून फॉरवर्डिंगही तपासले.

लिंकने जुना ईमेल परत आला की त्यावर नवा पासवर्ड मागवायचा, इथवर समजते. परंतु चोराने स्वतःच्या फोनवर टू-फॅक्टर चालू केले असल्यास लॉगिनचा कोड त्याच्याकडेच जाणार. अशा वेळी व्हिडिओ सेल्फीनेच ओळख पटवावी लागते का? अनुभव असलेल्यांनी कृपया क्रम सांगावा.