एका अ‍ॅपवर नऊ अल्बम, दुसऱ्यावर चारच. बाकीचे पाच कुठे गेले?

तानपुरी: मदत हवी आहे. माझ्या आवडत्या गायिकेचे नऊ अल्बम युट्यूब म्युझिकवर आहेत. मी पैसे भरून जी दुसरी सेवा वापरते तिथे चारच दिसतात, तेही अलीकडचे. स्पेलिंग बदलून पाहिलं, अ‍ॅप काढून परत टाकलं. मदत विभागाला लिहिलं तर "हक्कधारकांच्या निर्णयानुसार उपलब्धता बदलते" एवढंच उत्तर. फोन तोच, देश तोच, मग एकीकडे आहे नि दुसरीकडे नाही, हे कसं?

वाटसरू_७: देशानुसार परवाने असतात. व्हीपीएन लावा, दिसतील.

जुनी_कॅसेट: देशाचा मुद्दा खरा, पण अर्धाच. करार लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, आणि सेवा यांच्यात होतो आणि कुठल्या देशांत वाजवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच देशात एका सेवेशी करार आहे आणि दुसरीशी नाही, असं खुशाल होऊ शकतं. व्हीपीएनने सहसा काही होत नाही, बऱ्याच सेवा खात्यावर नोंदलेला देश धरतात.

तानपुरी, एक करा. नऊही अल्बमांतलं एकेक गाणं युट्यूबवर उघडा आणि खालचं वर्णन पूर्ण वाचा. वर `Provided to YouTube by` असं असेल, त्यापुढचं नाव म्हणजे अल्बम सेवांपर्यंत पोचवणारा. खाली `℗`, साल आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं नाव. नऊही अल्बमांची ही दोन नावं लिहून काढा. मात्र ती ओळच नसेल तर कुणा चाहत्याने चढवलेलं गाणं असू शकतं, ते मोजू नका.

रात्रपाळी: माझ्याही प्लेलिस्टमधली सहा गाणी अचानक राखाडी झालीत, दाबली तरी वाजत नाहीत. हेच कारण का?

जुनी_कॅसेट: तुमचं वेगळं असावं. लेबल कधी कधी जुनी आवृत्ती काढून तोच अल्बम नव्याने चढवतं. प्लेलिस्ट जुन्या नोंदीलाच चिकटून राहते. तेच गाणं शोधून पुन्हा घाला. सापडलंच नाही तर मग तानपुरीच्याच रांगेत या.

सॅम्पलवाला: गाण्यांत दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे असतील, त्याचे हक्क अडकले असणार. डे ला सोल या अमेरिकी हिप-हॉप गटाचे जुने अल्बम 2023 पर्यंत मुख्यतः त्यामुळेच येत नव्हते.

जुनी_कॅसेट: ते अल्बम एखाद्याच सेवेवर नव्हते असं नाही, सगळीकडेच नव्हते. इथे एकीकडे रीतसर वाजतायत, म्हणजे हक्कांची गाठ सुटलेली दिसते. जवळचं उदाहरण गायक नील यंगचं. जानेवारी 2022 मध्ये त्याची गाणी त्याच्याच सांगण्यावरून स्पॉटिफायवरून उतरली, बाकी ठिकाणी चालू राहिली, आणि 2024 मध्ये परत आली. पण तिथे वाद जगजाहीर होता.

तानपुरी: यादी केली. पाचातल्या चार अल्बमांवर `℗` पुढे एकाच जुन्या कंपनीचं नाव आहे आणि पोचवणाराही एकच. पाचवा मात्र गायिकेच्या स्वतःच्या कंपनीचा, पोचवणाराही नव्या चारांचाच. तरी तो गायब! हे काय?

जुनी_कॅसेट: मग दोन वेगळी दुखणी आहेत. आधी चारांचं. त्या जुन्या कंपनीचे आणखी दोन-तीन कलाकार तुमच्या सेवेवर शोधा. पाचव्यासाठी गायिकेचं नाव टाकू नका, अल्बमचं नाव टाका.

तानपुरी: कंपनीचे तिघे शोधले. तिघांचंही त्या कंपनीचं काहीच नाही. आणि पाचवा सापडला! तिच्याच नावाचं दुसरंच पान आहे, फोटो नाही, तिथे कुणा भलत्याच माणसाच्या डान्स ट्रॅकच्या शेजारी बसलाय बिचारा.

जुनी_कॅसेट: वाटलंच होतं. अल्बम पाठवताना कलाकाराचा ठरलेला क्रमांक जोडायचा राहिला की सेवा नुसत्या नावावर अंदाज बांधते. मग नामसाधर्म्याच्या पानावर टाकते, नाहीतर नवंच पान काढते. "चुकीच्या कलाकाराखाली" अशी तक्रार तुम्हीही करू शकता, पण गायिकेच्या बाजूने पोचवणाऱ्याला सांगितलं तर लवकर हलतं. तोवर अल्बम लायब्ररीत घालून ठेवा.

चारांचं गायिकेच्या हातात नसावं. अख्खी कंपनीच तिथे दिसत नाही, म्हणजे एक तर करार नाही किंवा पोचवणाऱ्याच्या यादीत त्या सेवेवर खूण केलेली नाही. दुसरं असेल तर ती खूण करून अल्बम पुन्हा पाठवायचे, एवढंच काम. नक्की कुठलं ते बाहेरून कळत नाही.

वाटसरू_७: कंपनी विकली गेली असेल तर? `℗` वर जुनंच नाव राहतं ना?

जुनी_कॅसेट: राहू शकतं. म्हणूनच मी कंपनीपेक्षा पोचवणाऱ्याला आधी लिहीन. अल्बमचं नाव, सेवेचं नाव आणि "इथे दिसत नाही" एवढं पुरे.

तानपुरी: दोघांनाही मेल टाकलाय. कंपनीचा पत्ता चालत नाही, मेल परत आला. पोचवणाऱ्याकडून "हक्कधारकाला कळवले आहे" असं आलंय. आता तो हक्कधारक कोण, ते मात्र सांगितलं नाही.