विटांनी बुजवलेल्या खिडक्या: करचुकवेगिरी, शहाणपण की नुसती भिंतीची शोभा?

स्नेहल_बाथकर
दोन वर्षं इंग्लंडमध्ये बाथला राहतेय. इथल्या जुन्या घरांत जागोजागी खिडकीच्या आकाराचे कोनाडे विटांनी किंवा दगडांनी बुजवलेले दिसतात. खिडकीपट्टी चुकवायला लोकांनी ते बुजवले, असं सगळेच सांगतात. ज्यांची एवढाली घरं होती, त्यांना चार शिलिंग जड होते का? मला ही सरळ करचुकवेगिरी वाटते, आणि तिचं कौतुकानं वर्णन होतं ते खटकतं. तुम्हाला काय वाटतं?

जुना_हिशेबनीस
आयुष्यभर करखात्याशी संबंधित काम केलं, म्हणून आधी शब्दावर हरकत घेतो. चुकवेगिरी म्हणजे देणं लागत असताना लपवणं. खिडकी बुजवली की देणंच लागत नव्हतं. कायद्यानंच ती वाट ठेवली होती.

हा कर 1696 मध्ये विल्यम तिसरा गादीवर असताना आला. त्याआधी चुलाण्यांवर कर होता. चुली मोजायला माणूस घरात शिरायचा आणि लोकांचा त्यावर फार राग होता. खिडक्या रस्त्यावरून, घराला फेरी मारून मोजता येतात, म्हणून सरकारला हा मार्ग बरा वाटला.

खरी गंमत 1747 च्या दरपत्रकात आहे. तेव्हा प्रत्येक घराला 2 शिलिंग ठरलेले होते. नऊ खिडक्यांपर्यंत तेवढ्यावरच भागायचं. 10 ते 14 खिडक्या असतील तर दर खिडकीला 6 पेन्स, 15 ते 19 असतील तर 9 पेन्स आणि 20 किंवा जास्त असतील तर 1 शिलिंग. मेख अशी, की वरचा दर फक्त वाढीव खिडकीला नाही, घरातल्या सगळ्या खिडक्यांना लागायचा.

आता एक घर धरा. नऊ खिडक्या, कर 2 शिलिंग. दहावी काढली की दहाही खिडक्यांवर 6 पेन्स, म्हणजे 60 पेन्स, म्हणजे 5 शिलिंग. एका खिडकीनं बिल 2 वरून 7 शिलिंगांवर गेलं. पण अकरावी काढली तर फक्त 6 पेन्स जास्त. पुढे चौदावर थांबलात तर खिडक्यांचे 7 शिलिंग, पंधरावी काढलीत तर 11 शिलिंग 3 पेन्स. आणि हे एकदाच नाही, दरवर्षी. शेतमजुराची दिवसाची मजुरी त्या काळी एका शिलिंगाच्या आसपास होती.

तेव्हा दहावी खिडकी बुजवणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. त्यानं दरपत्रक नीट वाचलं, एवढंच.

घडीव_दगड
मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. आधी मुंबईत केलं, मग सहा वर्षं इंग्लंडमध्ये. स्नेहलताई, तुम्ही पाहताय त्यातल्या बऱ्याच खिडक्यांचा कराशी काडीचाही संबंध नाही. त्या कधी उघड्या नव्हत्याच.

त्या काळच्या घरांना दर्शनी भिंतीत डावी-उजवी बाजू सारखी हवी असायची. पण आत नेमक्या त्या जागी धुराड्याची नळी किंवा दोन खोल्यांमधली भिंत येते. मग गवंडी बाहेरून खिडकीचा कोनाडा करून सोडतो, आत भिंत सलग. कर 1851 मध्ये रद्द झाला, तरी त्यानंतर बांधलेल्या घरांतही अशा आंधळ्या खिडक्या आहेत. त्यांनी कोणता कर वाचवला?

ओळखायचं कसं? कडेला जाऊन विटांचे सांधे पाहा. नंतर बुजवलेली खिडकी असेल तर जुनी भिंत आणि नवी भर यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट दिसते, विटेचा रंग आणि चुना वेगळा असतो, खाली जुना उंबरठ्याचा दगड झिजलेला असतो. मुळातच आंधळी असेल तर विटा बाजूच्या भिंतीत दातासारख्या गुंतलेल्या असतात आणि कोनाड्याची खोली सगळीकडे सारखी असते. शक्य असेल तर आत जाऊनही बघा. आतल्या बाजूला खिडकीचा खोलगट भाग किंवा लाकडी झडपांची पेटी शिल्लक असेल तर ती खरोखर बुजवलेली.

प्रत्येक बंद कोनाड्याला कर चिकटवणं ही सांगोवांगीची गोष्ट आहे. लोक घाबरून भिंती बुजवत सुटले होते, हे मला पटत नाही. कर दीडशे वर्षं वसूल होत राहिला, म्हणजे बहुतेकांनी तो भरलाच ना?

मुक्ता_ठाणे
आमच्याकडेही हेच झालं. बिल्डरनं प्लॅनमध्ये बाल्कनी दाखवली, ताबा घेतल्यावर सगळ्यांनी ती खोलीत घेतली आणि आता सोसायटीला नोटीस आली आहे. दंड कोणी भरायचा यावर तीन मीटिंगा झाल्या. आम्ही तर पहिल्यापासून बंद असलेलाच फ्लॅट घेतला होता. खिडकी बंद केली म्हणून कर कमी होतो का, की उलट वाढतो? कोणी सांगेल का?

जुना_हिशेबनीस
मुक्ताताई, तुमचा प्रश्न क्षेत्रफळाचा आणि परवानगीचा आहे, त्याला इथं नीट उत्तर मिळणार नाही. ताबा मिळाला त्या दिवशीचा नकाशा आणि विक्री करार हाताशी ठेवा. बाल्कनी आधीच बंद होती हे त्यावरून दाखवता येईल.

दगडसाहेब, भिंतीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ते माझ्या माहितीत नव्हतं. पण "लोकांनी काही केलंच नाही" हे मान्य नाही, कारण पुरावा भिंतीत नाही, वहीत आहे. श्रॉपशायर परगण्यातल्या 1747 ते 1757 मधल्या कराच्या नोंदी शिल्लक आहेत. त्यात कुठल्या घराला किती खिडक्या हे लिहिलेलं आहे. घरांची गर्दी होते ती 9, 14 आणि 19 वर. 10, 15 आणि 20 खिडक्यांची घरं त्यामानानं विरळ. शोभेसाठी खिडक्या बुजवल्या असत्या तर शोभेला 14 आवडते आणि 15 आवडत नाही, असं का व्हावं? डावी-उजवी बाजू सारखी ठेवायची तर मधला दरवाजा धरून कुठलाही आकडा येऊ शकतो. 9, 14 आणि 19 हे आकडे फक्त दरपत्रकातून येतात.

आणि "भरलाच ना" म्हणाल तर तेच माझं दुखणं आहे. चौदावर थांबलेल्यानं चौदाचा कर भरला, सरकारला वसुली दिसली. जी पंधरावी खिडकी त्याला हवी होती आणि मिळाली नाही, ती कुठल्याच वहीत लिहिलेली नाही.

घडीव_दगड
वहीचा मुद्दा मानतो. पण त्या आकड्यातली किती घरं बांधतानाच चौदा खिडक्यांची केली आणि किती ठिकाणी नंतर विटा लावल्या, हे वहीतून कळत नाही. मला वाटतं बांधतानाच कमी केलेल्या जास्त असाव्यात. म्हणजे स्नेहलताई बघताहेत त्या भिंतीवर कराचा खरा परिणाम दिसणारच नाही, कारण तिथं कोनाडासुद्धा नसेल.

पेणकर
आमचं मिठागर होतं, आजोबांपर्यंत. तुम्ही खिडक्यांवर वाद घालताय, पण खिडकीवाला निदान नववीवर थांबू शकत होता. मिठावरचा कर टाळायला जागाच नव्हती. मीठ कोण सोडणार? म्हणून तर 1930 मध्ये शिरोड्याला सत्याग्रह झाला. खिडकीचा कर श्रीमंताचा, मिठाचा गरिबाचा, दोन्ही एका पंक्तीत बसवू नका.

जुना_हिशेबनीस
पेणकर, अर्धं बरोबर. मीठ सोडता येत नाही, पण टाळायच्या वाटा लोकांनी काढल्याच. किनाऱ्यावर खारट माती खरवडून घरी मीठ काढायचे, ते गुन्हा ठरलं. स्वस्त मीठ महागड्या मुलखात चोरून न्यायचे, त्यासाठी इंग्रजांनी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवलं आणि हजारो पहारेकरी नेमले. ते 1879 मध्ये मोडलं. गोव्यातून मीठ इकडे येऊ नये म्हणून 1878 मध्ये पोर्तुगालशी तह करून तिथल्या मिठावरही ताबा मिळवला. फरक असा, की विलायतेत टाळणं कायदेशीर होतं, इथं टाळणाऱ्याला पकडून नेत. त्या अर्थानं तुमची पंगत वेगळी, हे खरं.

आणि लोक मीठ कमी खायचेसुद्धा. 1903 ते 1907 या काळात मणामागचा कर अडीच रुपयांवरून टप्प्याटप्प्यानं एक रुपयावर आला तेव्हा खप वाढला. याचा अर्थ आधी लोक गरजेपेक्षा कमी मिठावर भागवत होते.

पेणकर
गुरांचं मीठ आधी कमी व्हायचं, आजोबा सांगायचे. माणसांचं नंतर.

स्नेहल_बाथकर
"करचुकवेगिरी" हा शब्द मागे घेते. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. ज्याचं घर त्यानं बुजवली, अंधार त्यालाच, मग तो त्याचा निर्णय. त्याला "बिचारा" का म्हणायचं?

जुना_हिशेबनीस
कारण बऱ्याच ठिकाणी बुजवणारा एक आणि अंधारात बसणारा दुसरा. एका इमारतीत दहा कुटुंबं भाड्यानं राहिली तरी कराच्या वहीत ते एकच घर. सगळ्या खिडक्या एकत्र मोजल्या जायच्या, म्हणून ती इमारत वरच्या दरात जायची, आणि कर मालकाच्या अंगावर. मग मालक जिन्यातल्या, बोळाकडच्या, मागच्या खिडक्या बंद करून टाकायचा. वाचलेले शिलिंग मालकाचे.

1781 मध्ये कार्लाइल गावात टायफसची साथ आली. जॉन हेशम नावाच्या तिथल्या डॉक्टरनं माग काढला, तो एका घरापाशी जाऊन थांबला. सहा गरीब कुटुंबं तिथं राहत होती आणि कर वाचवायला होती नव्हती ती प्रत्येक खिडकी बंद केलेली होती. हवा नाही, ऊन नाही. टायफस उवांमधून पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्या दाटीत नुसत्या खिडक्या उघडून तो थांबला नसता. तरी सहा कुटुंबांनी त्या अंधारात राहायचं हे त्या कुटुंबांनी ठरवलं नव्हतं.

घडीव_दगड
उलट उदाहरणंही आहेत. दुधाच्या आणि चीज ठेवायच्या खोलीच्या खिडकीला माफी होती, फक्त वर तसं लिहायला लागायचं. काही जुन्या शेतघरांवर ती अक्षरं आजही दिसतात. किती खोल्यांत खरंच चीज होतं, ते मात्र भिंत सांगत नाही. तेव्हा कायदा डोळे मिटून केला होता असंही नाही, तक्रारी आल्या की फटी बुजवत गेले. सैल विटा, फळ्या, शेणा-चिखलाचा लिंपा लावून मोजणी झाली की काढायचे, म्हणून 1747 मध्ये न कळवता परत उघडलेल्या खिडकीला 20 शिलिंग दंड ठेवला.

जुना_हिशेबनीस
फटी बुजवल्या, पण उडी काढली नाही. दहाव्या खिडकीचा दर फक्त दहाव्या खिडकीला लावला असता तर बरंच टळलं असतं. 1766 मध्ये तर कर सात खिडक्यांपर्यंत खाली आणला आणि नेमकी सात खिडक्यांची घरं झपाट्यानं कमी झाली. म्हणजे आता सहावर गर्दी, आणि ही घरं नऊवाल्यांपेक्षा गरिबांची.

घडीव_दगड
दर फक्त वाढीव खिडकीला लावला असता तरी खिडक्या कमीच झाल्या असत्या, ठरावीक आकड्यावर गर्दी झाली नसती इतकंच. उजेडावर कर म्हटलं की उजेड कमी होणार, मग उडी असो वा नसो. माझा विरोध त्या करालाच आहे, तुमचा नुसत्या दरपत्रकाला. इथं आपलं जमणार नाही.

स्नेहल_बाथकर
आज संध्याकाळी आमच्या गल्लीत जाऊन पाहिलं. कोपऱ्यावरच्या घरात चार कोनाडे आहेत. तिघांचे सांधे बाजूच्या दगडांत गुंतलेले आहेत, म्हणजे दगडसाहेब म्हणतात तशा शोभेच्या. चौथ्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत सरळ फट आहे, बोटाचं नख आत जातं, आणि खालचा दगड मधोमध झिजलेला आहे. घरमालकीणबाईंना विचारलंय, रविवारी आतून बघू देणार आहेत. झडपांची पेटी सापडली तर फोटो टाकते.