मदत हवी आहे: सेपरेट रेशो की कंबाइन्ड? दोन उत्तरं येतायत

काजूबी_२२: सत्तरी तालुक्यातल्या काजू बागांचं एकूण उत्पादन काढायचंय, रेशो एस्टिमेटरने, क्षेत्र धरून. सेपरेटने २१० टन येतं, कंबाइन्डने २२३. कुठलं लिहू? सोमवारी द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

नारळीपौर्णिमा: स्ट्रॅटा किती, सॅम्पल किती, काहीच लिहिलं नाहीस बाय. कसं सांगणार?

प्रोफ_निवृत्त: आणि प्रत्येक स्ट्रॅटमचं एकूण क्षेत्र माहीत आहे का? नसेल तर सेपरेट काढताच येत नाही. कंबाइन्डला फक्त सगळ्यांची बेरीज पुरते.

काजूबी_२२: माहीत आहे सर. गावठी झाडांच्या २०० बागा, ३०० हेक्टर, सॅम्पल २४. कलमी ६० बागा, १०० हेक्टर, सॅम्पल ६. हेक्टरी गावठी ४०० किलो, कलमी ९००.

डेटावालो: कलमीत सहाच बागा! मग डोळे मिटून कंबाइन्ड. सॅम्पल लहान असेल तर सेपरेटचा बायस प्रत्येक स्ट्रॅटममधून साठत जातो.

प्रोफ_निवृत्त: साठतो, पण तो धोका वीस-पंचवीस स्ट्रॅटा असतील तेव्हाचा, इथे दोनच आहेत. काजूबी, सॅम्पलमध्ये सरासरी क्षेत्र किती आलं?

काजूबी_२२: गावठी १.३ हेक्टर, कलमी २.

प्रोफ_निवृत्त: मग बघ, सॅम्पलवरून गावठी क्षेत्र येतं २६०, कलमी १२०. खरं ३०० आणि १००. योगायोगाने कलमीच्या मोठ्या बागा निघाल्या आणि कंबाइन्डने दोन्हींचा मिळून जो एकच रेशो काढला, साधारण ५५८, तो कलमीकडे झुकला, तो ४०० हेक्टरांना लावला म्हणून २२३. रेशो एवढे वेगळे असताना कंबाइन्डची व्हेरियन्स वाढते ती अशी. रेशो जवळजवळ सारखे असते तर मीही कंबाइन्डच सांगितलं असतं.

डेटावालो: पण सहा नगांवरचा ९०० तरी कुठे पक्का आहे?

प्रोफ_निवृत्त: तो मुद्दा बरोबर. कलमीच्या क्षेत्राचं स्टँडर्ड डेव्हिएशन?

काजूबी_२२: ०.९

प्रोफ_निवृत्त: सरासरीची स्टँडर्ड एरर ०.३७, तिला २ ने भागलं की ०.१८. ०.१ च्या आत असतं तर बायस सोडून दिला असता. तरी इथेही तो त्या स्ट्रॅटमच्या स्टँडर्ड एररच्या फारतर १८ टक्के. खरी काळजी ही की सहा नगांवर ती स्टँडर्ड एररच भरवशाची नाही, फॉर्म्युला ती कमीच दाखवतो. २१० लिही, पण रविवारपर्यंत कलमीच्या आणखी दहाएक बागा रँडम निवडून घेता आल्या तर घे.

बागायतदार_वाळपई: माझ्याकडे वेंगुर्ला ४ ची कलमं आहेत, लावून दोन वर्षं झाली, उत्पन्न अजून नाहीच म्हणायचं. असलं क्षेत्र धरलंय का? यंदा काजूबियेला दर काय मिळतोय तेही कुणी सांगा.

काजूबी_२२: बाप रे, लागवडीचं सगळंच क्षेत्र धरलंय, नवी कलमंसुद्धा.

प्रोफ_निवृत्त: मग आधी ते. क्षेत्र आहे आणि उत्पन्न शून्य अशा बागा मध्ये आल्या की सरळ रेशोच डळमळतो. फळणारं क्षेत्र स्ट्रॅटमवार मिळतं का?

काजूबी_२२: एकूण मिळेल. गावठी-कलमी वेगळं मिळेल की नाही ते उद्या विचारते.

डेटावालो: नाही मिळालं तर शेवटी कंबाइन्डच!

प्रोफ_निवृत्त: लगेच नाही. नवी कलमं तिसरा स्ट्रॅटम करता येतात का तेही विचार.