विषय: तिसऱ्या वर्षीही आरएनओआर? रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्याबद्दल, शेड्यूल एफएबद्दल विचारायचं आहे

विनायक, लातूर (६ डिसेंबर २०२५)

मंडळी, नमस्कार.
१२ वर्षं न्यू जर्सीत काढून १० जून २०२२ला आम्ही लातूरला परतलो. पहिली दोन वर्षं आमच्या करसल्लागाराने आयटीआर-२ मध्ये आरएनओआर, म्हणजे निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही, असं लिहिलं, त्यामुळे तिकडच्या खात्यांचा विषयच निघाला नाही. २०२४-२५लाही त्याने तेच लिहिलं. आता आयकर खात्याचा मेसेज आलाय, की तुमच्या नावावर परदेशात खातं दिसतंय, रिटर्न तपासून पाहा. तिकडे एक बचत खातं होतं, ते मी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केलं. ४०१(के) हे निवृत्तीचं खातं अजून आहे, साधारण ६० हजार डॉलर. जे बंद केलंय तेही दाखवायचं का?

सुहास, एडिसन

विन्या, टेन्शन घेऊ नको. २० लाखांच्या आत असेल तर काही दाखवावं लागत नाही, नवीन नियम आहे. आणि परत आलेल्याला तीन वर्षं सूट असतेच.

मंगलताई, नांदेड

माझंही असंच आहे बघा. मस्कतहून येऊन चार वर्षं झाली. नांदेडच्या बँकेत एनआरई खातं तसंच पडून आहे, ते परदेशी म्हणून लिहायचं का?

शुभांगी, छत्रपती संभाजीनगर

ताई, ते खातं भारतातलंच आहे, शेड्यूल एफएत जात नाही. पण तुम्ही कायमच्या परत आलात म्हटल्यावर ते साधं निवासी खातं करून घ्यायला हवं होतं. त्याचं व्याजही आता करपात्र आहे. उद्याच बँकेत जा.

सुहासभाऊ, तीन वर्षांची सरसकट सूट कुठेच नाही. २० लाखांचं म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२४पासून घरजमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर १० लाखांचा दंड लागत नाही, एवढंच. दाखवायचं मात्र आहेच. आणि विनायकरावांचा आकडा ४०१(के) धरला तर तसाही २० लाखांच्या कितीतरी वर आहे.

विनायकराव, तुमची खरी गोची खात्यापेक्षा दर्जाची आहे. २०२४-२५च्या आधीच्या १० वर्षांपैकी तुम्ही ८ वर्षंच अनिवासी होता. आरएनओआरला ९ लागतात, म्हणजे ती वाट बंद. उरली दुसरी: आधीच्या ७ आर्थिक वर्षांत भारतातले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी हवेत. १० जून २०२२ ते ३१ मार्च २०२३ हे झाले २९५. पुढचं वर्ष लीप, म्हणून ३६६. बेरीज ६६१. उरले ६८. आता पासपोर्ट काढा आणि एप्रिल २०१७ ते मार्च २०२२मधल्या सगळ्या भारतवाऱ्या मोजा. येण्याचा-जाण्याचा दिवसही धरा.

विनायक

मोजलं. दिवाळीला एकदा तीन आठवडे, वडिलांच्या आजारपणात दोन महिने. ६८च्या वर जातंय.

शुभांगी

म्हणजे २०२४-२५ला तुम्ही पूर्ण निवासी. करसल्लागाराने वाऱ्या विचारल्याच नसणार, बहुतेक कोणी विचारत नाही. ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरा.

बंद केलेलं खातंही दाखवा. शेड्यूल एफए एप्रिल ते मार्च चालत नाही, जानेवारी ते डिसेंबर चालतं. या रिटर्नला कॅलेंडर वर्ष २०२४ लागू, आणि तेव्हा खातं चालू होतं. पुढच्या रिटर्नलाही ते पुन्हा येईल, कारण २०२५मध्ये दोन महिने का होईना, होतंच.

ए१ तक्त्यात बँकेचं नाव-पत्ता, खातं क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वात मोठी शिल्लक आणि ३१ डिसेंबरची शिल्लक लागते. समजा एप्रिलमध्ये टॅक्स रिफंड जमा होऊन खातं ११,२०० डॉलरवर गेलं आणि वर्षअखेर ३,१०० उरले. तर ११,२००ला त्या एप्रिलच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट लावायचा, ३,१००ला ३१ डिसेंबरचा. गुगलचा दर नको.

व्याजात लोक हमखास अडखळतात. एफएत कॅलेंडर वर्षाचं व्याज लिहायचं, पण कर एप्रिल-मार्चच्या व्याजावर, ते परदेशी उत्पन्नाच्या तक्त्यात, एफएसआयमध्ये. दोन्ही आकडे जुळणार नाहीत. जुळवायला जाऊ नका, हिशेबाचा कागद फाइलला लावून ठेवा. अमेरिकेत त्यावर कर कापला असेल आणि त्याचं क्रेडिट हवं असेल तर फॉर्म ६७ही लागेल.

सुहास

आणि ४०१(के) कुठल्या तक्त्यात? माझा इथला सीए म्हणतो ए२, भावाच्या सीएने डीमध्ये टाकलंय.

शुभांगी

यावर आमच्यातही एकमत नाही. मी ए२मध्ये दाखवते, कारण ते कस्टोडियनकडे असतं. ट्रस्ट म्हणून एफमध्ये दाखवणारेही आहेत. कुठल्याही एका तक्त्यात टाका आणि दरवर्षी तोच ठेवा.

विनायक

खात्यावर बायकोचंही नाव होतं. तिला इथे काही उत्पन्न नाही, तिने रिटर्न कधी भरलेलंच नाही.

शुभांगी

वहिनींचे दिवसही मोजावे लागतील. त्या तुमच्याबरोबरच आल्या की आधी? पूर्ण निवासी ठरल्या तर उत्पन्न शून्य असलं तरी परदेशी खात्यापायी रिटर्न भरावं लागतं. त्यांच्या पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो आज रात्रीपर्यंत मला वेगळ्या मेलने पाठवा, लिस्टवर टाकू नका.