चर्चा : पिशवीतून धूर, आणि कंडक्टरने सांगितलेलं खोटं कारण

गोदाकाठ
दिवाळी अंकासाठी कथा लिहिली आहे. थोडक्यात सांगतो. लातूर–अंबाजोगाई साधी गाडी रेणापूरच्या पुढं आलेली, आत गच्च गर्दी. तिकिटं देत देत कंडक्टर पुढून चौथ्या बाकाशी येतो. झोपलेल्या पोराच्या पायाशी सॅक आहे, तिच्या चेनीतून पांढरा धूर निघतोय, आतून बारीक फुसफुस ऐकू येतेय. तो दोरी एकदाच ओढतो. गाडी कडेला थांबते. तो नेहमीच्या आवाजात म्हणतो, "चाकातली हवा बघायची आहे, दोन मिनिटं सगळे खाली उतरा. सामान राहू द्या, परत इथंच बसायचंय." स्वतः सॅककडे पाठ करून उभा राहतो आणि मागच्यांना एकेक करून पुढच्या दारातून काढतो. शेवटी पोराला उठवून त्याच्याबरोबर उतरतो. तिकीट मशीनवरच्या आकड्याशी माणसं मोजून घेतो. थोड्या वेळाने सॅक पेटते. दोन बाकं जळतात, माणूस एकही नाही. माझ्या मते त्याने खोटं बोलून बरोबर केलं. तुमचं काय मत?

मंगलताई_उदगीर
मला हे अजिबात पटलं नाही. त्या चौथ्या बाकावर लेकरू घेऊन मी बसलेली असते, तर माझ्या पायाशी काय आहे हे कळायचा हक्क मला होता. आणि कथा म्हणूनही ते खोटं टिकत नाही. हवा बघायची म्हटल्यावर आपल्याकडं कोण उतरतं? तरणी पोरं उतरतात. म्हाताऱ्या बाया म्हणतात, "मी बसते बाबा इथंच, तुम्ही बघून घ्या." पायऱ्या उंच, गुडघे दुखतात, वर जागा जायची भीती. तुमच्या कथेत सगळे निमूट उतरले, पण खऱ्या गाडीत चार-पाच जणी नक्की बसून राहिल्या असत्या.

डबलबेल
मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. ताईंचं बसून राहणाऱ्यांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण उपाय "आग लागली" म्हणून ओरडणं हा नाही. मधल्या वाटेत एका वेळी एकच माणूस चालू शकतो, त्यात पोती आणि पिशव्या असतात. सगळे एकदम दाराकडं धावले की पायरीवर एकजण पडतो, आणि मग दार उघडं असूनही बंदच.

मी असतो तर "गाडी नादुरुस्त झाली, पुढं जाणार नाही" म्हटलं असतं. हे ऐकल्यावर म्हाताऱ्यासुद्धा उठतात. अडचण एवढीच की मग प्रत्येकजण वरच्या रॅककडं हात घालतो. म्हणून लगेच दुसरं वाक्य लागतं : "सामान मी काढून देतो, हात मोकळे ठेवून उतरा." सॅकजवळच्या तीन-चार जणांना मात्र खरं सांगायचं, अगदी कानाशी जाऊन. ते आधी उठतील आणि गोंधळही होणार नाही. एका दणकट पोराला सगळ्यात पहिल्यांदा खाली पाठवायचं. तो पायरीशी हात देईल आणि उतरलेल्यांना रस्त्याच्या कडेला, गाडीपासून लांब नेईल. कथेतल्या ड्रायव्हरलाही काही काम द्या. इंजिन बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, हँडब्रेक वर.

आणि मशीनवरची मोजणी पुरी पडत नाही. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना शून्याचं तिकीट निघतं, ते आकड्यात येतात. पाच वर्षांच्या आतल्या लेकराचं तिकीटच नसतं. ते कुठल्याच आकड्यात नाही. म्हणून आकडा जुळला तरी एकदा बाकांखाली वाकून बघायचं.

रेणापूरकर
एवढं कशाला? ड्रायव्हरच्या मागं आग विझवायचा सिलिंडर असतो, तो मारायचा. नाहीतर ओलं गोणपाट टाकून सॅक दाबायची आणि खिडकीतून बाहेर फेकायची. दहा सेकंदांचं काम, लोकांना उठवायचीही गरज नाही. हवा मिळाली नाही की कुठलीही आग मरते.

सेलदुरुस्ती_परभणी
रेणापूरकर, लाकडाच्या किंवा कापडाच्या आगीला तुमचं म्हणणं लागू आहे. पांढरा धूर आणि फुसफुस म्हणजे बहुतेक पॉवर बँक, आतला लिथियमचा सेल फुटतोय. माझं रोजचं काम ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं. सेल एकदा तापायला लागला की आतल्या आतच उष्णता तयार होत राहते, बाहेरच्या हवेवर तो थांबत नाही. गोणपाट टाकून दाबलात तर उष्णता कोंडली जाते. पावडरचा सिलिंडर मारला तर जाळ बसतो, तेवढ्यात लोकांना बाहेर पडायला वेळ मिळतो, हा त्याचा फायदा. पण सेल गरमच राहतो आणि पुन्हा पेटतो. त्याला गार करायला पाणी लागतं, तेही भरपूर. एक बाटली ओतून भागत नाही. पॉवर बँकेत बऱ्याचदा एकाहून जास्त सेल असतात, एक पेटला की शेजारचा तापतो. पहिला जाळ बसला म्हणून कुणी सॅक उचलायला गेलं, की दुसरा हातातच फुटतो.

तो धूर विषारी असतो. कंडक्टरने उतरवता उतरवता खिडक्या उघडायला सांगायला हवं होतं. आणि गोदाकाठ, जाळ "थोड्या वेळाने" आला हे होऊ शकतं, पण तो काही सेकंदांतही येतो. कंडक्टरला ते आधी कळणं शक्य नव्हतं.

शेतकरी_गंगाखेड
आमच्या गाडीतही असंच झालं होतं. इंजिनच्या बाजूनं धूर यायला लागला, लोक ओरडायले, तरी कोणी उतरू देईना. गाड्या जुन्या झाल्यात हेच खरं कारण आहे. नवीन गाड्या द्या, मग कुणाला खोटं बोलायची वेळ येणार नाही.

गोदाकाठ
दादा, तुमचा त्रास खरा आहे, पण इथं गाडीचा दोष नाही. आग प्रवाशाच्या सामानातून आली. गाडी कालच कारखान्यातून आलेली असती तरी हेच झालं असतं.

मंगलताई_उदगीर
डबलबेल दादांचं वाक्य बरं आहे, जवळच्यांना खरं सांगायचं हेही पटलं. तरी एक शंका राहते. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. दार खाली दबलं होतं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. धोका कळलेला माणूसच काच फोडतो. ज्याला वाटतंय की हवा बघायची आहे, तो मागच्या बाकावर आपली पाळी यायची वाट बघत राहील, आणि तेवढ्यात ती सॅक पेटली तर?

डबलबेल
तिथं गाडी आडवी होती, दार गेलं होतं. इथं गाडी उभी आहे, दार उघडं आहे. दोन्हींना एकच नियम लावता येत नाही. पण मागच्या बाकाचा मुद्दा मी टाळत नाही. कथेतली खरी अवघड जागा तीच आहे. सॅक चौथ्या बाकावर आणि दार पुढं, म्हणजे मागची सगळी माणसं त्या धुराच्या अंगावरून जाणार. संकटकाळी बाहेर पडायचं दार उघडावं तर ते जमिनीपासून चांगलंच उंच, तिथून म्हातारं माणूस खाली उतरवायला खाली दोघे उभे लागतात. मी धूर बारीक असेपर्यंत पुढून काढलं असतं, आणि मागचं दार आधीच उघडून तिथं कुणालातरी उभं केलं असतं. जाळ दिसला की उरलेले तिकडून.

सेलदुरुस्ती_परभणी
यात मला एकच खटकतं. जाळ दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे तेवढी माणसं धूर ओढत जाणार. चालतीफिरती माणसं पहिल्यापासूनच मागच्या दारातून सोडा, पुढचं दार म्हाताऱ्यांना आणि लेकरंवाल्यांना ठेवा.

डबलबेल
दोन दारं एकदम उघडली की लोक विचारणार काय झालं. मग नादुरुस्तीचं कारण चालत नाही.

मंगलताई_उदगीर
मग नका चालवू. शांत आवाजात खरंच सांगा : "एका बॅगेतून धूर येतोय, अजून वेळ आहे, सामान सोडा आणि चला." शांत राहायला खोटंच बोलावं लागतं असं कुठं आहे?

गोदाकाठ
पाच वर्षांच्या आतलं लेकरू, खिडक्या, ड्रायव्हर आणि मागचं दार हे सगळं कथेत घेतोय. हवेचं कारण काढून टाकतो, ते टिकत नाही हे मान्य. आता ताईंचं वाक्य ठेवायचं की डबलबेल दादांचं, यावर अजून कुणी वाहक-चालक इथं असतील तर लिहा. अंकाला मजकूर पाठवायला वेळ आहे.