रेकॉर्डिंगमधला मोबाइलचा आवाज: खरखर, घरघर की तडतड? आणि तो ‘गाळतात’ की ‘वजा करतात’?

वामकुक्षी
८४ वर्षांच्या मामेआजोबांशी २००९ साली मारलेल्या गप्पांचं रेकॉर्डिंग शब्दांकित करतेय. विहीर खणताना खडक लागला तिथे गोष्ट रंगात आलेली, आणि भावाच्या खिशातला फोन वाजू लागला. सायलेंटवर होता म्हणून रिंग नाही, पण आधी तुटक ‘तर्र… तर्र… तर्र’ आणि मग सहा सेकंद सलग ‘टर्रर्र’. त्याखाली आजोबा बोलताहेत, कान दिला तर कळतं.
प्रश्न दोन. शब्दांकनात कंसात काय लिहू? मी ‘खरखर’ लिहिलं होतं, मावशीने खोडलं. दुसरं, तो आवाज काढून टाकला तर टीपेत ‘गाळला’ म्हणायचं की ‘पुसला’?

रातकिडा
मावशी बरोबर. खरखर रेडिओची, नाहीतर बसलेल्या घशाची. ‘घरघर’ही नको. ८४ वर्षांच्या माणसाच्या बोलण्याशेजारी कंसात ‘घरघर’ दिसलं तर वाचणारा दचकेल. माझं मत ‘भुणभुण’.

उंबरठा
आमच्याकडे टेबलावर ठेवलेला फोन असाच घुंघुं करत सरकत जातो. खाली रुमाल घालायचा, आवाज बंद. शब्द म्हणाल तर ‘थरथर’.

वामकुक्षी
उंबरठा, ते व्हायब्रेशन. ते खोलीत कानाला ऐकू येतं. हा आवाज त्या दिवशी कोणालाच ऐकू आला नव्हता, फक्त रेकॉर्डरमध्ये उमटला.

जुना_ध्वनिमुद्रक
तिथेच शब्दाची किल्ली आहे. टूजी फोन सलग प्रक्षेपण करत नाही. एका लहरीवर आठ जणांच्या पाळ्या असतात. आपली पाळी आली की फोन अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ जोरात ओरडतो आणि बाकीच्या सात पाळ्या गप्प बसतो. असं सेकंदाला सुमारे २१७ वेळा. माइकची वायर अँटेनासारखी ते पकडते. मूळ लहर कानाच्या पलीकडची, पण रेकॉर्डरच्या ॲम्प्लिफायरला तिचं चालू-बंद होणं तेवढं ‘ऐकू’ येतं.
म्हणजे ही भुणभुण नव्हे, भुणभुण सलग असते. हे सुटे ठोके आहेत, इतके दाट की कानात एकजीव होतात. ताशाची तर्री आठवा. मी ‘तडतड’ म्हणेन. सुरुवातीचं तुटक ‘तर्र’ म्हणजे फोन आणि टॉवर यांची आधीची बोलाचाली. चार ठोक्यांचा एक झुबका, असे सेकंदाला साधारण चार झुबके.

इक्वलायझर_पाटील
एवढं कशाला? २१७ हर्ट्झवर नॉच, म्हणजे तेवढाच स्वर गाळणारा फिल्टर, लावा, विषय संपला. म्हणून शब्द ‘गाळणे’. चहा गाळतो तसं.

वामकुक्षी
लावून पाहिला. फरकच नाही. मग ४३४, ६५१ असं करत चार हजारांपर्यंत सगळ्या पटींवर लावले. तडतड बरीच गेली, पण आजोबा पिंपात तोंड घालून बोलताहेत असं वाटतं.

जुना_ध्वनिमुद्रक
वाटणारच. ठोका जितका टोकदार, तितक्या त्याच्या पटी वरपर्यंत जातात. स्पेक्ट्रोग्राममध्ये शिडीच्या पायऱ्या दिसतील. त्या सगळ्या गाळल्या की त्याच जागांवरचा आवाजही चाळणीतून जातो. पाटील, पंख्याच्या नाहीतर विजेच्या गुंईं आवाजाला तुमचा उपाय चालतो, कारण त्याच्या मोजक्याच पायऱ्या असतात.
ठोके जवळजवळ एकसारखे आहेत, त्याचा फायदा घ्या. रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं आहे ना? त्या सहा सेकंदांचे प्रत्येकी ५,२९२ नमुन्यांचे, म्हणजे १२० मिलिसेकंदांचे तुकडे करा. पन्नास होतील. एकावर एक ठेवून सरासरी काढा. ठोके दरवेळी त्याच जागी पडतात म्हणून टिकतात. आजोबांचे शब्द दरवेळी वेगळे, म्हणून सरासरीत ते साधारण सातव्या हिश्शावर येतात. उरतो तो तडतडीचा साचा. तो प्रत्येक तुकड्यातून वजा करा. माझ्या लेखी हे ‘वजा करणे’, गाळणे नाही.

वामकुक्षी
भाच्याकडून करून घेतलं. तडतड कमी झाली, पण एक नवीनच बारीक टकटक आली, आधी नव्हती ती. त्याने तुकडे ६० मिलिसेकंदांचे केले होते, ‘निम्मे केले तर शंभर मिळतात, सरासरी जास्त चांगली’ म्हणाला.

जुना_ध्वनिमुद्रक
हिशेब बरोबर, ताल चुकला. कॉलची वाट खुली झाली की फोन स्वतःच्या २५ पाळ्या वाजवतो आणि २६वी रिकामी सोडतो. तबल्यातली खालीच म्हणा. त्याच्या अशा २६ पाळ्या येऊन जायला १२० मिलिसेकंद लागतात. ६०चे तुकडे केले तर खाली एका आड एका तुकड्यात येते. साच्यात तिथे अर्धा ठोका बनतो. मग वजाबाकीत एकदा अर्धा ठोका उरतो, आणि एकदा नसलेल्या ठोक्यातून अर्धा वजा होऊन उलटा ठोका तयार होतो. तीच तुमची टकटक.
आणखी एक. रेकॉर्डरचं घड्याळ किंचित पुढे-मागे असतं. लाखात पाचाची चूक असली तरी सहा सेकंदांत १३ नमुने सरकतात, आणि ठोका जेमतेम २५ नमुन्यांचा. साच्यातला ठोका फेंगडा, पसरट दिसला तर ५,२९२ ऐवजी ५,२९२.२ किंवा ५,२९१.८ असं करून पाहा. सर्वांत टोकदार साचा देईल तो आकडा तुमचा. भावाने खिशात हात घातला, तर ठोक्याची ताकद बदलते. तिथून नवा साचा.

रातकिडा
आणि ते सुरुवातीचं तुटक तर्र? त्याला कुठला साचा?

जुना_ध्वनिमुद्रक
झुबके थोडेच, सरासरीला पुरत नाहीत. तिथे मी ठोक्याचे नमुने सरळ कापतो आणि दोन्ही बाजूंच्या आवाजावरून मधली भोकं भरतो. एक पाळी जाते, सात शाबूत राहतात, म्हणून भरता येतं. याला आम्ही स्टुडिओत ‘रफू’ म्हणायचो. फाइल मूळ वेव्ह असेल तरच हं. एमपीथ्री केली की ठोक्याच्या कडा आजूबाजूला सांडतात आणि २५च्या जागी किती कापावं ते कळत नाही. आणि ठोक्याने रेकॉर्डरची मर्यादा ओलांडली असेल, लाट वर सपाट कापलेली दिसत असेल, तर तिथे आजोबांचा आवाज मुळात नोंदवलाच गेलेला नाही. वजाबाकी कशातून करणार? तिथेही रफूच.

इक्वलायझर_पाटील
मान्य. पण हे आता जुनं झालं, नव्या फोनमध्ये हा आवाज नसतो. शब्द घडवून वापरणार कोण?

रातकिडा
जुन्या कॅसेटी आणि फाइली ऐकणारे सगळे. आमच्या घरी बटणांचा फोन आजही टूजीवर आहे. रेकॉर्डरशेजारी ठेवला की अजून तडतडतो. ‘भुणभुण’ मात्र मागे घेतो.

वामकुक्षी
५,२९२.२ वर साचा टोकदार झाला. टकटक गेली. ‘खडकाला सुरुंग लावला तेव्हा’ हे अख्खं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मी इतकी वर्षं ते ‘सुरुंग’ नाही, ‘सुरुवात’ समजत होते. ‘सुरुंग’मधल्या ‘रुं’वर अजून किंचित खडबड आहे, ती तशीच ठेवतेय.
शब्दांकनात ‘मोबाइलची तडतड’ लिहिलं. टीपेत ‘सलग तडतड वजा केली, तुटक ठोके रफू केले’. मावशी म्हणते रफू ठोके नाही करत, भोकं करतात.

रातकिडा
मावशीला इथे सदस्य करून घ्या.

जुना_ध्वनिमुद्रक
‘ठोके कापून रफू केला’ असं लिहा.

उंबरठा
आमच्याकडे ‘रफू केलं’ म्हणतात.