मदत हवी आहे: खुलाशात फिरणाऱ्या कार्डाचा उल्लेख कुठे करावा?

नमस्कार मंडळी. दादरला रहिवाशांच्या सभेत माझी बहीण म्हणाली, "फेरीवाल्यांना आधी जागा ठरवून द्या, मग फूटपाथ मोकळा करा." कोणीतरी पहिला अर्धा भाग गाळून उरलेलं वाक्य तिच्या फोटोवर टाकलं आणि फिरवलं. आता दोन्ही बाजूंची जुंपली आहे.

खुलासा असा लिहिलाय:

"सभेत मी म्हणाले: फेरीवाल्यांना आधी जागा ठरवून द्या, मग फूटपाथ मोकळा करा. माझं मत आजही तेच आहे. पूर्ण व्हिडिओ सोबत जोडला आहे."

ते कार्ड मुद्दाम लावलं नाही. लाल फुली मारून टाकलं तरी लोकांच्या लक्षात तेच वाक्य राहतं. मूळ पोस्ट शेअर करून उत्तर दिलं तर ती आणखी पसरते, म्हणून तेही टाळलं. "विपर्यास", "बदनामी" हे शब्द तिने आधी घातले होते, मी काढायला लावले; त्यावरूनच नवं भांडण सुरू झालं असतं.

पण ज्यांनी फक्त कार्ड पाहिलंय, त्यांना हा खुलासा कशाबद्दल आहे ते कळेल का? "माझं वाक्य अर्धवट फिरतंय" ही ओळ सुरुवातीला घालावी की शेवटी? आणि कमेंट बंद केल्या तर ती पळ काढतेय असं वाटेल का?